शिबिराच्या मजकुरात वेळ आणि टीप का हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

«मधुमेह दिनाच्या पोस्टसाठी तुम्ही दिलेला मजकूर फार लांबलाय. ‘मोफत शुगर तपासणी, सकाळी 8 ते 2’ एवढं पुरे होतं. लोक पहिल्या दोनच ओळी वाचतात. आणि खालची टीप वाचून वाटतं, रुग्णालय आधीच हात झटकतंय.»

टीपेबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य आहे, त्याकडे शेवटी येतो. वेळेबद्दल मात्र नाही.

‘8 ते 2’ वाचून माणूस घरून निघतो तो नाश्ता करूनच. समजा साडेदहाला खाल्लं, साडेअकराला बोटातून रक्त दिलं आणि यंत्रावर 168 आलं. या आकड्याचं करायचं काय? उपाशीपोटीची मर्यादा त्याला लावता येत नाही, कारण तो उपाशी नव्हता. जेवणानंतर दोन तासांनी म्हणावं, तर एकच तास झालेला. अवेळी केलेल्या तपासणीत 200 किंवा जास्त आणि सोबत खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील तरच निदानाला आधार मिळतो. म्हणजे 168 घेऊन तो माणूस एकतर उगाच धास्तावतो, नाहीतर ‘दोनशेच्या आत आहे’ म्हणून निर्धास्त होतो. दोन्ही चूकच.

म्हणून उपाशीपोटीची वेळ सकाळी 7 ते 9 अशी वेगळी दिली आहे. किमान 8 तासांचा उपास लागतो. ‘रात्री 10 नंतर साध्या पाण्याशिवाय काही नको’ असं लिहिलं की सातला येणाऱ्याचेही नऊ तास भरतात. नुसतं ‘उपाशी या’ म्हटलं तर चहा घेऊन आलेलेही स्वतःला उपाशीच समजतात, म्हणून ‘चहाही नको’ हे शब्द मुद्दाम ठेवले. नऊनंतर रांग चालू ठेवली तर वयस्कर माणसं बारा-तेरा तास उपाशी ताटकळतात.

ज्यांना मधुमेह आहेच आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी हा उपास धोक्याचा. औषध घेतलं आणि खाणं लांबलं की साखर 70च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळलेपण. म्हणून त्यांना उपाशी बोलवायचं नाही, औषधाची वेळही स्वतःहून बदलायला लावायची नाही. ती ओळ कापली तर मजकूर आटोपशीर होईल, पण रांगेत कोणीतरी चक्कर येऊन पडेल.

आता टीप. बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 किंवा त्याहून जास्त साखरेला प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 टक्के इकडेतिकडे चालतं. यंत्राने उपाशीपोटी 118 दाखवलं तर खरा आकडा साधारण 103 ते 139 यांमध्ये कुठेही असू शकतो. मधुमेहाची रेषा 126ला आहे, म्हणजे ती या पट्ट्यातच येते. शिवाय बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा फुगतो. बोट पिळून थेंब काढला तर ऊतींतलं पाणी मिसळून तो बदलतो. म्हणून साबणाने हात धुऊन कोरडे केल्याशिवाय टोचायचं नाही, हे टेबलावरच्या माणसाला सांगून ठेवावं. आणि लक्षणं नसतील तर प्रयोगशाळेतला एक जास्त आकडाही पुरत नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करावी लागते.

तरीही ‘रुग्णालय जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य खरंच हात झटकणारं होतं, आणि वाचणाऱ्याने पुढे काय करायचं तेही त्यातून कळत नव्हतं. ते काढलं. तुमच्या ‘पहिल्या दोन ओळी’ या मुद्द्यामुळे क्रमही बदलला, व्याख्यानं खाली नेली:

«मधुमेह जागरूकता दिन, 14 नोव्हेंबर. मोफत साखर तपासणी, उपाशीपोटी: सकाळी 7 ते 9.
रात्री 10 नंतर फक्त साधं पाणी; चहाही नको. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहू नका, डोस बदलू नका. नेहमीसारखं खाऊन, औषधांची यादी घेऊन 10 नंतर सल्ला कक्षात या.
व्याख्यानं: 9.30 पायांची रोजची पाहणी, 10.15 साखर अचानक कमी झाली तर.
ही प्राथमिक चाचणी आहे, निदान नाही. आकडा 100 किंवा जास्त आल्यास प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्ताची तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. आकडा कमी आला तरी लक्षणं असतील तर डॉक्टरांना भेटा. या आकड्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नका. गर्भवतींनी या चाचणीवर न थांबता आपल्या डॉक्टरांकडून वेगळी तपासणी करून घ्यावी.»

यातली आणखी एखादी ओळ कापता येईल असं वाटत असेल तर कोणती ते जरूर कळवा. फक्त औषधवाल्यांची ओळ आणि ‘निदान नाही’ ही दोन सोडून.