पंपाला डोळे असतात का?

रशियनच्या क्लासला आमचे सर म्हणायचे, मराठी माणसाला प्रिचास्तिये म्हणजे घरचंच, आपल्याकडे 'करणारा', 'केलेला' आहेच की, आणि देयेप्रिचास्तिये म्हणजे आपलं 'बघून', 'करून'. मी इतका खुश झालो की पुढचे दोन तास मागच्या बाकावर झोपलो. त्या झोपेची किंमत आता पुण्यात बसून पंपाचं मॅन्युअल इंग्रजीतून रशियनमध्ये करताना चुकवतोय.

वाक्य असं होतं. द पंप, व्हिच वॉज इन्स्टॉल्ड इन द बिल्डिंग व्हिच हाउजेस द बॉयलर अँड व्हिच सप्लाइज वॉटर टू इट, मस्ट बी स्टॉप्ड बाय द ऑपरेटर हू नोटिसेस व्हायब्रेशन. तीन व्हिच आणि एक हू, शेपटीला शेपूट. रशियनमध्ये प्रत्येक व्हिचला 'कतोरी' लावला तर वाक्य रिक्षाच्या मीटरसारखं कतोरी-कतोरी करत राहतं, म्हणून मी ठरवलं की सगळ्यांची प्रिचास्तिये करायची. बसवलेला, सामावणारा, पुरवणारा. झाडून सगळे.

नासोस म्हणजे पंप, कत्योल म्हणजे बॉयलर. मी लिहिलं, 'नासोस, उस्तानोव्लेन्नी व्ह ज्दानिई, व्मेश्चायुश्चेम कत्योल, पदायुश्ची वोदू'. मला वाटलं काय झक्कास जमलंय. संध्याकाळी रशियातल्या एडिटर बाईंची कॉमेंट, 'बॉयलर पाणी कधीपासून पुरवायला लागला?'

पहिल्यांदा मला राग आला. मग नीट बघितलं तर बाई बरोबर होत्या. प्रिचास्तिये ज्या नामाचं असतं त्याचंच लिंग, वचन आणि विभक्ती घालून फिरतं, त्यामुळे एरवी शेपटावरून मालक कळतो. पण इथे नासोस पुल्लिंगी, कत्योलही पुल्लिंगी, आणि निर्जीव पुल्लिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया रशियनमध्ये सारखीच दिसते, त्यामुळे 'पदायुश्ची' दोघांनाही फिट बसतो आणि वाचणारा जवळच्याला देऊन टाकतो. तिथे कतोरी ठेवला असता तरी हेच झालं असतं. त्यातून माझं ते 'व्मेश्चायुश्चेम', उच्चारताना दोनदा जीभ चावली.

आई शेजारी शेंगा सोलत होती. म्हटलं, आई, ज्या इमारतीत बॉयलर असतो ती इमारत, हे एका शब्दात कसं सांगशील गं? ती म्हणाली, "बॉयलरखोली म्हण ना, एवढं काय त्यात." आणि रशियनमध्ये खरंच 'कत्येल्नाया' हा एक शब्द आहे! एक अख्खा व्हिच गायब झाला. प्रिचास्तिये करायच्या आधी नाम मिळतंय का ते शोधायला हवं होतं, मी उगाच घाम गाळला.

राहिला तो हू. म्हटलं, ऑपरेटर बघून थांबवणार, म्हणजे देयेप्रिचास्तिये, 'झाम्येतिफ विब्रात्सियू', आणि पुढे इंग्रजीसारखं पॅसिव्ह, पंप थांबवला गेला पाहिजे. बाईंची कॉमेंट, 'पंपाला डोळे असतात का?' कारण रशियनमध्ये 'बघून' ज्याचं, मुख्य वाक्याचा कर्ताही तोच लागतो, आणि माझ्या वाक्यात कर्ता होता पंप. म्हणजे व्हायब्रेशन पंपानेच बघितलं.

खाली बाईंनी चेखॉवचं वाक्य चिकटवलं होतं, 1884 च्या 'तक्रारवही' कथेतलं. रेल्वे स्टेशनच्या तक्रारवहीत एकजण लिहितो की या स्टेशनजवळ येताना आणि खिडकीतून निसर्ग बघताना माझी टोपी उडाली. 'उ मेन्या स्ल्येतेला श्ल्यापा', श्ल्यापा म्हणजे टोपी. रशियन माणूस यावर हसतो, कारण व्याकरणाने बघितलं तर टोपीच निसर्ग बघत होती. मी दोनदा वाचलं तरी मला हसूच येईना. मराठीत 'येताना माझी टोपी उडाली' यात चुकलंय काय? आपलं '-ताना' कोणाच्याही कर्त्याबरोबर नांदतं, आणि मी तेच रशियनच्या घरात घुसवत होतो.

शेवटी वाक्य फोडलं. 'नासोस, पदायुश्ची वोदू फ कत्योल, उस्तानोव्लेन फ कत्येल्नय. झाम्येतिफ विब्रात्सियू, अपेरातर दोल्झेन अस्तानोवित नासोस.' बॉयलरला पाणी देणारा पंप बॉयलरखोलीत बसवलाय. व्हायब्रेशन दिसलं की ऑपरेटरने पंप थांबवायचा. व्हिचच्या जागी एक प्रिचास्तिये, हूच्या जागी एक देयेप्रिचास्तिये आणि मध्ये पूर्णविराम, बस. पुढच्याच ओळीत 'उद्या येणारा टेक्निशियन'साठी मी 'प्रियेदुश्ची' असा शब्द बनवला होता. रशियनमध्ये भविष्याचं प्रिचास्तिये नसतंच, आपला 'येणारा' तिथे चालत नाही. तिथे मात्र निमूट कतोरी ठेवला.

रात्री अकराला फाइल पाठवली. नेमके लाइट गेले, म्हणून मोबाइलवरून बाईंना रशियनमध्ये मेसेज टाकला, 'फाइल पाठवताना माझ्याकडचे लाइट गेले'.

बाईंचं एका शब्दात उत्तर आलं, 'श्ल्यापा'.