डायनामोवर फोन लावला, पण टक्के का वाढत नाहीत?

प्रतिक्रिया: दादा, तुमचा लेख वाचून सायकलच्या हब डायनामोला ब्रिज रेक्टिफायर आणि ७८०५ रेग्युलेटर जोडला. होटगी रोडला फिरवून बघितलं. चार्जिंगचं चिन्ह येतं नि जातं, टक्के काही वाढत नाहीत. फोनचा चार्जर ३३ वॉटचा, डायनामो ३ वॉटचा, मग हे व्हायचं कसं? आणि ६ व्होल्टच तर येतात, त्यासाठी रेग्युलेटरचा एवढा बाऊ कशाला? त्यापेक्षा पॉवरबँक काय वाईट?

उत्तर: नमस्कार. आधी त्या ६ व्होल्टचं बघू, कारण बाकीचं सगळं तिथेच अडकलंय. हबवर लिहिलेले ६ व्होल्ट हे दिवा लावून ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालवतानाचे आहेत. हबमधल्या कॉइलचा इंडक्टन्स मोठा असतो. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं, पण फ्रिक्वेन्सीही वाढते आणि कॉइल करंटला तितकंच जास्त अडवते. म्हणून वेग कितीही वाढवा, करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपासच थांबतो. व्होल्टेज मात्र किती चढायचं हे जोडलेला लोड ठरवतो. लोडच नसेल तर उतारावर ते ४०-५० व्होल्टपर्यंतही जाऊ शकतं.

घरातल्या प्लगची सवय असल्यामुळे हे उलटं वाटतं. प्लगमध्ये व्होल्टेज ठरलेलं आणि करंट आपण हवा तेवढा घेतो. इथे करंट ठरलेला असतो. त्यामुळे हबच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी हबला काही होत नाही, तोच अर्धा अँपिअर फिरत राहतो. धोका असतो तो तारा मोकळ्या राहिल्या की, आणि तो हबला नाही, पुढच्या सर्किटला.

आता तुमची जोडणी बघा. ७८०५ ला ५ व्होल्ट द्यायला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडमधून करंट जातो, साधे सिलिकॉन डायोड असतील तर त्यात आणखी १.४ व्होल्ट जातात. म्हणजे हबला ८.४ व्होल्टवर करंट ढकलावा लागतो आणि तुमच्या हाती येतात फक्त ५. रेक्टिफाय झाल्यावर अर्ध्या अँपिअरचा सरासरी ०.४५ अँपिअर उरतो, आणि ताशी १५-१६ ला तर ८.४ व्होल्टपर्यंत चढताना तोही थोडा घटतो. फोनच्या वायरीत मिळतात जेमतेम २ वॉट. पुढे २५ च्या वेगाने हाणली तरी ७८०५ यात फार भर घालू देत नाही, कारण त्यात जेवढा करंट आत तेवढाच बाहेर.

चिन्ह येतं-जातं याची कारणं दोन असू शकतात, आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. मल्टिमीटर ब्रिजपुढच्या कपॅसिटरवर लावा आणि चिन्ह जातं त्या क्षणी काय दिसतं ते बघा. ७ व्होल्टच्या खाली असेल तर वेग कमी पडतोय किंवा फोन झेपेल त्यापेक्षा जास्त ओढतोय. पण तिथे २० व्होल्ट दिसत असतील आणि आउटपुटला काहीच नसेल, तर ७८०५ तापून स्वतःच बंद पडतोय. फोन ०.३ अँपिअरच घेत असेल तर उरलेल्या करंटला वाट नसते, म्हणून कपॅसिटर चढत जातो. २० व्होल्टवर १५ गुणिले ०.३, म्हणजे साडेचार वॉटची उष्णता त्या बोटभर तुकड्यात. हीटसिंकशिवाय तो दीड वॉटच्या पुढे टिकत नाही. बोट लावण्याआधी जपून.

आणि खरी भीती इथून पुढे आहे. फोन पूर्ण चार्ज झाला की तो करंट घेणं जवळजवळ बंद करतो. तुळजापूरचा घाट उतरताना नेमकं हे झालं, तर कपॅसिटर ७८०५ च्या ३५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे जाणार. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर ते व्होल्टेज सरळ फोनमध्ये. म्हणून मी रेग्युलेटरवर एवढं लिहिलं होतं.

माझं म्हणणं असं करा. ब्रिजला १एन५८२२ हे शॉटकी डायोड वापरा, दोन डायोडचे मिळून ०.८ व्होल्टच्या आत जातील. त्यापुढे ३५ व्होल्टचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याला समांतर १५ व्होल्टचा झेनर आणि त्याने चालू होणारा टिप १२२ ट्रान्झिस्टर, हीटसिंकवर. व्होल्टेज १६ च्या थोडं वर गेलं की तो जादा करंट स्वतःतून वाहू देतो. सर्वात वाईट वेळी त्यात सात-साडेसात वॉट तापतात, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी चांगली मोठी आणि वाऱ्यावर हवी. शेवटी ७८०५ च्या जागी एलएम २५९६ चं स्विचिंग मॉड्यूल, ५ व्होल्टला लावलेलं. ते जास्त व्होल्टेजचं जास्त करंटात रूपांतर करतं, त्यामुळे वेग वाढला तर फोनला ४ वॉटही मिळू शकतात. यूएसबी सॉकेटमधल्या डेटाच्या दोन पिना मात्र एकमेकींना जोडू नका. जोडल्या की फोनला वाटतं मोठा चार्जर आहे, तो १ अँपिअर किंवा जास्त मागतो आणि हबचं व्होल्टेज कोसळतं. मोकळ्या ठेवल्या तर बरेच फोन अर्ध्या अँपिअरवर थांबतात, आणि तेवढं ताशी १६-१८ ला झेपतं.

आता टक्क्यांचा हिशोब. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३.८५ व्होल्टने साधारण १९ वॉट-तास. फोनला २ वॉट दिले, त्यातले चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के गेले, तर १.७ उरतात. स्क्रीन बंद आणि फक्त जीपीएस चालू ठेवलं तर फोन स्वतः ०.३-०.४ वॉट खातो. हातात राहिले १.३-१.४, म्हणजे तासाला सात टक्के. सोलापूर-तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, तीन तासांत वीस टक्के. घाट चढताना ताशी ७-८ वर येता तेव्हा तर काहीच मिळत नाही. आणि भर उन्हात नकाशा पूर्ण उजेडावर उघडा ठेवला तर फोन स्वतःच २ वॉटच्या आसपास खातो. टक्के जागचे हलत नाहीत ते त्यामुळे. तुमचा ३३ वॉटचा आकडा यात कुठेच येत नाही, ती फोनची कमाल मर्यादा आहे, तेवढं मिळालं नाही तर तो कमीवर चार्ज होतो.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट. हँडलवर उन्हात तापलेला फोन बॅटरी वाचवायला चार्जिंग स्वतःच थांबवतो. सर्किट तपासायच्या आधी फोन सावलीत, पिशवीत ठेवून बघा.

पॉवरबँकबद्दल तुमचं खरं आहे. एका दिवसाच्या फेरीला १०००० एमएएचची पॉवरबँक जास्त कामाची, ती फोन एकदा पूर्ण भरून वर थोडी उरते. हबचा उपयोग तीन-चार दिवसांच्या, रोज प्लग न मिळणाऱ्या प्रवासात आणि रोज रात्री दिवा लावणाऱ्याला. हब खरं तर दिव्यासाठीच घ्यावा, फोन ही वरची कमाई. दोन्ही एकत्र लावायचे असतील तर हबने पॉवरबँक भरा आणि पॉवरबँकने फोन. दोनदा रूपांतर होऊन पाव भाग वाया जातो, पण सिग्नलला थांबलात तरी फोनचं चार्जिंग तुटत नाही. पॉवरबँक निवडताना फोन लावलेला असताना तिचा चार्जर काढून बघा. फोनचं चार्जिंग क्षणभरही तुटलं तर ती या कामाची नाही.

कपॅसिटरवरचं रीडिंग आणि फोनचं मॉडेल इथेच खाली लिहा, मग पिनांचं नक्की सांगता येईल.