सगळ्या आकड्यांना ६ टक्के लावून पुढचा हिशेब जमत नाही

«प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये विक्री आणि खर्च, दोन्हींना दरवर्षी सरसकट ६ टक्के वाढ लावा. महागाई दोन्हीकडे सारखीच असते, नफ्याचं प्रमाण बदलत नाही. उलट हप्ता ठरलेला असल्यामुळे कर्ज हलकंच होत जातं.»

कर्जासाठी बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देताना असा सल्ला दिला जातो. तो तपासायला एका बेकरीचा हिशेब मांडून पाहू. आज वर्षाची विक्री १०० लाख. कच्चा माल ६०, मजुरी १८, इतर खर्च १०, हातात उरले १२ लाख. कर्जाचे हप्ते वर्षाला ७ लाख. माल तेवढाच खपतो असं धरू.

आधी महागाई सारखी असण्याबद्दल. मैदा आणि तेल यांचे भाव पावाच्या गिऱ्हाइकाला विचारून वाढत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून थेट २० टक्के झालं आणि मे २०२५ मध्ये १० टक्क्यांवर आलं. पावाचा भाव मात्र असा रातोरात बदलता येत नाही. शेजारची बेकरी वाढवेपर्यंत थांबावं लागतं आणि तोवरचा तोटा आपल्याच खिशातून जातो.

मजुरीची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता महागाई निर्देशांकावर ठरतो आणि जानेवारी-जुलैत बदलतो. पण चांगला भट्टीवाला किमान वेतनावर टिकत नाही, त्याला त्याहून जास्त वाढ द्यावी लागते. शिवाय ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. म्हणजे आज पगार वाढवला की मागच्या सगळ्या वर्षांचं देणंही वाढतं. ही ओळ बहुतेक रिपोर्टमध्ये मला सापडतच नाही.

आता पावाचा भाव वर्षाला ४ टक्के, कच्चा माल आणि इतर खर्च ५, मजुरी ८ टक्के वाढली असं धरा. पाच वर्षांनी विक्री १२१.७ लाख. कच्चा माल ७६.६, मजुरी २६.४, इतर १२.८. उरले जेमतेम ५.९ लाख. सरसकट ६ टक्क्यांच्या तक्त्यात याच वर्षी १६ लाख दिसतात!

हप्ता हलका होतो, हे शिल्लक वाढत असेल तरच खरं. इथे ७ लाखांच्या हप्त्याला ५.९ लाख पुरत नाहीत, आणि बँकेला दिलेल्या सरसकट ६ टक्क्यांच्या तक्त्यात मात्र हप्त्याच्या सव्वादोन पट रक्कम दिसते. त्यात मैद्याची तेवढीच पोती भरायला दरवर्षी जास्त रोकड अडकते, ती वेगळीच.

म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला स्वतंत्र दराचा रकाना द्या. मग विक्रीदराची वाढ ४ वरून एकेक टक्का खाली आणून पाहा, हप्ता कोणत्या वर्षी तुटतो ते दिसेल. वरच्या आकड्यांत ४ टक्क्यांनीच पाचव्या वर्षी तो तुटला आहे. कर्जाची मुदत सात वर्षांची असेल, तर सही करण्याआधी हे वर्ष माहीत असायलाच हवं.