खाली म्हणजे कुठं?

“हिंदी शिकायची काय असते? शब्द तेच, क्रियापदं तेवढी बदलायची.”

खानापूरच्या चुलतभावानं हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि इकडं अबू धाबीत मुसाफाच्या साइटवर बसून माझं डोकं फिरलं. तेरा वर्षं इथं हिंदीवर पोट भरतोय मी. बेळगावात बसून सांगायला काय जातंय!

गेल्या जूनची गोष्ट. साडेबाराच्या सुट्टीला दहा मिनिटं होती. गोरखपूरचा नवा पोरगा ग्राउट कालवलेली बालदी हातात धरून अवघडून उभा होता. त्याची दया येऊन मी म्हटलं, “बाल्टी खाली रखो.” त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पंचवीस किलोच्या पोत्यातला निम्मा माल वाळूत ओतून बालदी रिकामी केली. चूक माझी होती. त्याला सांगायचं होतं ‘नीचे रखो’. फोरमनला मात्र मी पोरगा अडाणी आहे असंच सांगितलं.

गंमत अशी की हे दोन ‘खाली’ भाऊबंदसुद्धा नाहीत. आपला खालचा, खालून, खालती असा चालतो. हिंदीतला अरबीतून आलाय. इथलं अख्खं वाळवंट त्याच नावाचं आहे, रब-अल-खाली. ‘शिक्षा’चं तसं नाही. तो एकच संस्कृत शब्द, मूळ अर्थ शिकण्याचा. दिल्लीत त्याचं मंत्रालय झालं, आपल्याकडं त्याची छडी झाली.

हे ग्रुपवर लिहिलं तर काकांनी लगेच सीमाप्रश्न काढला आणि मी बेळगाव लिहितो की बेळगावी, हे तपासलं. भाऊ म्हणाला, “एका बालदीवरून भाषा ठरत नाही. बाकी शंभर शब्द जुळले की नाही?” जुळले, हे खरंच आहे. पण न जुळणारा शब्द तोंड बघून ओळखता येत नाही ना! अनोळखी शब्द आला की माणूस विचारतो. ओळखीचा वाटला की विचारतच नाही.

शेवटी आत्या बोलली. तिनं कन्नड शाळेत शिकवलंय. “कन्नडात शिक्षे म्हणजे दंडच, संसार म्हणजे घरदारच, आपल्यासारखंच. पण खाली म्हणजे रिकामं. बसस्टँडवर कंडक्टर ‘हिंदे खाली इदे’ म्हणायचा, तेव्हा तू मागं जाऊन बसायचास की खाली?”

मागं जाऊन बसायचो. अर्थ कधी विचारावा लागला नाही. तिकडं दोन्ही खाली माझ्या कानात सुखानं नांदत होते. इथं येऊन त्यातला एक कसा काय विसरलो, ते कळत नाही. भावाला अजून उत्तर दिलेलं नाही.

गेटवरचा अरब आम्हा सगळ्या भारतीयांना ‘हिंदी’च म्हणतो. आज सकाळी त्यानं “या हिंदी!” अशी हाक मारली. गोरखपूरच्या पोरानं मान वर केली, आणि मीही.