गोफणीविषयीच्या एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

«गोफण म्हणजे शेतातली पाखरं उडवायचं खेळणं. ती जितकी जास्त गरगरवाल तितका दगड जोरात जातो, आणि दोरी सोडली की तो मधल्या बिंदूपासून सरळ बाहेर फेकला जातो. धनुष्यबाण असताना गोफणवाल्याला कोण भिणार? त्या सगळ्या भाकडकथा.»

आधी दगड सुटतो कसा, ते पाहू. गोफणीच्या एका दोरीला फास असतो आणि तो बोटात अडकवलेला राहतो. दुसऱ्या दोरीचे टोक, बहुधा गाठ मारलेले, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरलेले असते. चिमूट सैल होताच ते टोक हातातून ओढले जाते, मधली झोळी उघडते आणि दगड मोकळा होतो. दोरी दगडाला सतत आत ओढत असते म्हणूनच तो वर्तुळात फिरतो. ती ओढ संपली की त्या क्षणी तो ज्या दिशेने चाललेला असतो त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेने, निघून जातो. त्यामुळे आडवी फिरणारी गोफण समोरच्या लक्ष्याकडे रोखलेली असताना जो सोडेल, त्याचा दगड कडेला जाईल. नवशिक्याचा दगड शेजारच्या कुणग्यात पडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

हा क्षण किती बारीक असतो याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. दोरी एक मीटर लांब आणि दगडाचा वेग सेकंदाला 30 मीटर धरला, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात दिशा सुमारे 17 अंशांनी बदलते, आणि 50 मीटरवरच्या लक्ष्यापासून दगड साधारण 15 मीटर दूर जातो. चूक हजाराव्या भागाची असली, तरी फरक दीड मीटरचा पडतो. (हात स्थिर आहे असे मानून हा हिशेब केला आहे, प्रत्यक्षात हातही पुढे सरकत असतो.)

फेऱ्यांच्या संख्येचे म्हणणे ऐकायला पटते, पण फेकणाऱ्याच्या अनुभवाला ते धरून नाही. नुसत्या मनगटाने फिरवलेल्या गोफणीचा वेग लवकरच एका मर्यादेला येऊन थांबतो, आणि पुढच्या फेऱ्यांत फक्त तो टिकवला जातो. खरा वेग शेवटच्या झेपेत येतो, जेव्हा पाय, कंबर, खांदा आणि ताठ झालेला हात असे सगळे शरीर एकामागून एक त्यात उतरते आणि दोरीमुळे हाताची लांबी जणू दुपटीहून अधिक होते. रोमन लष्करी लेखक वेजेटियस यानेही गोफण डोक्याभोवती एकदाच फिरवून सोडण्याचा सराव करावा असे सांगितले आहे.

आता भीतीचा मुद्दा, ज्यावर थोडे थांबायला हवे. इसवी सनपूर्व 401 मध्ये ग्रीक लेखक झेनोफन याच्यासह ग्रीक भाडोत्री सैनिक इराणी प्रदेशातून माघार घेत होते, तेव्हा शत्रूचे धनुर्धर आणि गोफणवाले दुरूनच त्यांना घायाळ करत होते, आणि ग्रीकांचे स्वतःचे तिरंदाज तिथवर पोचत नव्हते. मग आपल्याच सैन्यातले ऱ्होड्स या ग्रीक बेटावरचे लोक शोधून सुमारे 200 जणांची गोफण-तुकडी उभारण्यात आली. ऱ्होड्सवाल्यांकडे शिशाच्या गोळ्या होत्या, तर इराणी लोक मूठभर आकाराचे दगड फेकत; झेनोफन लिहितो की या गोळ्या इराणी दगडांच्या दुप्पट अंतरावर जात, आणि बहुतेक इराणी तिरंदाजांच्या बाणांहूनही दूर. कारण सरळ आहे. शिसे साध्या दगडाच्या सुमारे चौपट जड असते, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी पुष्कळ लहान होते आणि हवेचा अडथळा तिला कमी लागतो. आपल्याकडचा सच्छिद्र, कडा असलेला जांभ्याचा तुकडा या कामाला गैरसोयीचा, आणि नदीतला गुळगुळीत गोटा बरा, याचे कारणही यातच आहे.

लहान गोळी उडताना दिसणे कठीण, त्यामुळे ढाल वेळेवर पुढे येत नाही. आणि मार कातड्याच्या चिलखताखालीही लागतो: वेजेटियसच म्हणतो की असे दगड अंगावर जखम न दाखवता, रक्त न सांडता माणसाला मारू शकतात. वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने तर मांसात रुतलेल्या शिशाच्या गोळ्या काढण्याची रीतही दिली आहे. इसवी सनपूर्व 123 मध्ये स्पेनजवळच्या बलेआरिक बेटांवर चालून जाताना मेटेलस या रोमन सेनापतीने जहाजांच्या डेकवर कातडी ताणून घेतली होती, ती तिथल्या गोफणवाल्यांच्या माऱ्यापासून बचाव म्हणून.

मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. गोफणवाल्याला आपल्या भोवती मोकळी जागा लागते, त्यामुळे दाट रांगेत तो उपयोगाचा नाही. आणि लहानपणापासूनचा सराव नसेल तर वरचा शंभराव्या भागाचा हिशेब त्याच्याविरुद्ध जातो. म्हणूनच मोठी सैन्ये आपलेच शिपाई शिकवत बसण्याऐवजी ऱ्होड्स आणि बलेआरिक बेटांवरून तयार गोफणवाले पगारावर आणत असत.