प्री-प्लेसमेंट टॉकबद्दलच्या मेसेजबाबत खुलासा

"बॅकलॉग असलेल्यांना टॉकला बसू देणार नाहीत आणि नोंदणीचे ५०० रुपये आधी यूपीआयने भरायचे, हे खरं का?"

दोन्ही खोटं. टॉक तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी खुला आहे. कंपनी म्हणून आम्ही पैसे घेत नाही, तुमचा प्लेसमेंट सेलही घेत नाही. कुणी क्यूआर कोड पाठवला तर तो थेट टीपीओंना दाखवा.

गोंधळ झालाय तो निकषांवरून. दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के, चालू बॅकलॉग नको, ही अट टॉकनंतरच्या ऑनलाइन परीक्षेची आहे. तीही परीक्षेच्या दिवशी नाही, अर्ज बंद होतो त्या दिवशीच्या निकालावर पाहिली जाते. म्हणजे चौथ्या सेमिस्टरला एम-थ्री राहिला आणि पाचव्यात सुटला, तर तो चालू बॅकलॉग नव्हे. रिव्हॅल्युएशनचा निकाल यायचा असेल तर मात्र तो विषय राहिलेलाच धरतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी बारावीच्या रकान्यात डिप्लोमाचे टक्के भरावेत. शून्य टाकलंत तर सिस्टीम तिथेच बाद करते. दरवर्षी चांगली पोरं यातच अडकतात.

नोंदणी दोन ठिकाणी करायची. आधी प्लेसमेंट सेलचा फॉर्म, मग तिथून कॉलेजच्या ईमेलवर येणाऱ्या लिंकवरून आमच्या पोर्टलवर. नाव मार्कशीटवर आहे तसंच लिहा. पहिलाच फॉर्म भरून थांबलात तर टॉक ऐकता येईल, पण परीक्षेची लिंक येणार नाही.