खुलासा: जामीनदाराची सही नावापुरती नसते

'बँक आधी कर्जदाराची मालमत्ता विकते, ती पुरली नाही तरच जामीनदाराकडे येते ना?'

नाही. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते.

समजा, मेहुण्याने 5 लाखांचं कर्ज घेतलं आणि 2 लाख मुद्दल फेडून हप्ते थांबवले. उरलेले 3 लाख तर तुमच्याकडून मागता येतातच, वर थकलेलं व्याज आणि वसुलीचा खर्चही. भरल्यावर ते पैसे मेहुण्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला मिळतो, पण ज्याच्याकडे बँकेला द्यायला नव्हते, तो तुम्हाला कुठून देणार? म्हणून कळकळीने सांगतो, जामीनपत्रात रकमेची जागा कोरी असेल तर सही करू नका.